विरळ दाढी भरलेली कशी दिसेल: गालावरच्या मोकळ्या जागेचं गणित

२४ वर्षांचा एक मुलगा खुर्चीत येऊन बसला आणि आरशात बघतच म्हणाला, “दादा, गालावर दाढी येतच नाही माझ्या. काढून टाका सगळी.”

मी १८ वर्षं लोकांच्या दाढ्या कोरतोय आणि हे वाक्य मला पाठ झालंय. अशा वेळी मी लगेच मशीन हातात घेत नाही, आधी दाढी बघतो. या मुलाची हनुवटी दाट होती. मिशीही छान भरलेली. गालाच्या हाडाखाली मात्र डावीकडे एक मोकळी जागा होती, मोठ्या नाण्याएवढी. उजवीकडे तशीच, पण लहान. शिवाय दोन्ही बाजूंना ओठाच्या कोपऱ्यापाशी, जिथे मिशी खाली उतरून दाढीला मिळायला हवी, तिथे फट होती. म्हणजे दाढी येत नव्हती असं नाही. चांगली येत होती, पण सगळीकडे सारखी येत नव्हती.

“ट्रिमर कधी मारतोस?”

“दर रविवारी. ५ चं गार्ड लावून सगळीकडून एकसारखी.”

“किती दिवस झाले असं करून?”

“दोन वर्षं झाली असतील.”

त्याचं दुखणं इथेच होतं. विरळ दाढीवाल्या कित्येक मुलांचं दुखणं नेमकं हेच असतं, म्हणून ते नीट उलगडून सांगतो.

दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. आठवड्याला अडीच मिलिमीटर धरा, महिन्याला एक सेंटिमीटर. म्हणजे दर रविवारी ५ मिलिमीटरवर आणलेली दाढी पुढच्या रविवारपर्यंत साडेसातच्या आसपास जाते आणि पुन्हा ५ वर येते. या मुलाची दाढी दोन वर्षं ५ ते साडेसात मिलिमीटरच्या मध्येच अडकून होती. आणि विरळ दाढी वाईट दिसायला लागते ती याच लांबीपासून.

असं का होतं? आपला डोळा केस मोजत नाही, शेजारशेजारच्या दोन जागांमधला फरक टिपतो. एक-दोन मिलिमीटरचे खुंट असतात तेव्हा दाट हनुवटीवरसुद्धा केसांमधून कातडी दिसत असते. गालावरही दिसते. दोन्हीकडे सावली फिकटच, म्हणून फरक कमी जाणवतो. केस ५ मिलिमीटरच्या पुढे गेले की हनुवटीवरची कातडी पूर्ण झाकली जाते, तो भाग काळाभोर होतो. गालावरची मोकळी जागा मात्र आहे तशीच राहते. फरक एकदम डोळ्यात भरतो. बरं, या लांबीचा केस अजून ताठ असतो. तो कातडीपासून बाहेर उभा राहतो, शेजारच्या जागेवर झोपत नाही. साधारण १५ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो वाकायला लागतो, वळवावा तसा वळतो, आणि तेव्हाच तो दुसऱ्याची जागा झाकू शकतो.

त्यामुळे विरळ दाढीला दोनच वाटा आहेत. या मधल्या टप्प्याच्या खाली राहायचं, नाही तर तो टप्पा ओलांडून पार पुढे जायचं. मध्येच मुक्काम केला की ठिगळं दिसणारच. कोणती वाट आपली, हे ठरतं मोकळी जागा कशी आहे आणि केवढी आहे त्यावरून.

आधी जागा ओळखा

दाढी कोरडी असताना खिडकीपाशी उभे राहा, उजेड बाजूने पडेल असे. दोन बोटांनी गालाची कातडी ताणा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. आरशात जे दिसत नाही ते यात दिसतं.

कधीकधी केस व्यवस्थित असतात, पण ते वेगवेगळ्या दिशांना पडलेले असतात. डोक्यावर भोवरा असतो तसा गालावर किंवा जबड्याखालीही असतो. तिथे केस चारी बाजूंना फाकतात आणि मध्ये कातडी उघडी पडते. बोटाने ते केस एका बाजूला सारले आणि जागा झाकली गेली, तर तुमची दाढी विरळ नाहीच. तिला फक्त वळण लावायचं आहे.

दुसरा प्रकार म्हणजे लव. फोटोत बारीक, फिकट, मऊ केस दिसतात, पण लांबून जागा रिकामी वाटते. केसांची मुळं तिथे आहेत, ती अजून जाड काळा केस देत नाहीत एवढंच. लवेचं रूपांतर जाड केसात होतं ते टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी नावाच्या संप्रेरकामुळे. संप्रेरक जवळपास सगळ्याच पुरुषांमध्ये पुरेसं असतं. कोणतं मूळ त्याला किती आणि कधी प्रतिसाद देणार, हे आनुवंशिकतेने ठरतं. मिशी आणि हनुवटी आधी भरते, गाल सगळ्यात शेवटी. पुष्कळांचे गाल विशीभर हळूहळू भरत राहतात. म्हणून विशीतल्या मुलाच्या गालावर लव दिसली तर मी त्याला सांगतो, ही जागा कायमची रिकामी समजू नकोस.

तिसरा प्रकार म्हणजे खरोखरच गुळगुळीत जागा, जिथे लवही नाही. जुन्या जखमेच्या किंवा भाजल्याच्या व्रणावर अशी जागा असते, कुणाची जन्मापासूनही असते. तिथे झाकणं एवढाच उपाय.

आणि एक प्रकार असा, की तो दिसला तर माणसाने न्हाव्याकडे न जाता त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं. आधी जिथे चांगली दाढी होती तिथे काही दिवसांत किंवा आठवड्यांत गोल, गुळगुळीत चकती पडते. याला चाई म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. ट्रिमिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. तसंच केस गळाल्या जागी लाली, खपल्या, पू किंवा दुखणं असेल तर संसर्ग असू शकतो. बुरशीचा असला तर घरचं तेल चोळून तो बरा होत नाही.

माझ्या खुर्चीतल्या मुलाच्या गालावर फोटोत लव स्पष्ट दिसत होती. ओठाच्या कोपऱ्यात मात्र काहीच नव्हतं. म्हणजे एकाच चेहऱ्यावर दोन वेगळ्या जागा आणि दोन वेगळे उपाय.

झाकायला किती लांबी लागेल?

डाव्या गालावरची जागा मी छोट्या पट्टीने मोजली. वरून खाली १२ मिलिमीटर. उजवीकडची ७. मोजायचं ते वरून खाली, कारण गालावरचे केस साधारण वरून खाली आणि थोडे पुढे असे पडतात. जागा झाकणार ते तिच्या वरच्या काठावरचे केस. कौलांसारखं आहे हे. वरचं कौल खालच्यावर येतं म्हणून फट दिसत नाही.

केस कातडीला चिकटून झोपत नाही, थोडा उठून कमानीसारखा जातो. म्हणून मोकळ्या जागेच्या उंचीपेक्षा निम्म्याने जास्त लांबी धरावी, हा माझा हातचा हिशेब. १२ ची जागा असेल तर केस १८ मिलिमीटर हवा. त्याची दाढी त्या दिवशी ७ मिलिमीटरच्या आसपास होती. उरले ११. दिवसाला ०.३५ ने भागलं तर ३१ दिवस, आणि हातात थोडी सूट ठेवून पाच ते सहा आठवडे. स्वच्छ तासलेल्या गालापासून सुरुवात असती तर साडेसात आठवडे लागले असते. केस कुरळे असतील तर लांबी आणखी लागते, कारण बरीचशी लांबी वळणातच खर्च होते. पण कुरळा केस फुगतोही, त्यामुळे एकदा वाढला की आजूबाजूची जागा सरळ केसापेक्षा चांगली भरतो.

हा हिशेब मोकळी जागा साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत असेल तोवर चालतो. त्याहून मोठी असली तर वरचे केस तीन सेंटिमीटरच्या पुढे न्यावे लागतात. तेवढी लांब पट वाऱ्यात उडते, बोलताना हलते आणि खालची जागा पुन्हा दिसते. मी तिथे झाकण्याचा आग्रह धरत नाही. त्याची वाट वेगळी, ती पुढे सांगतो.

“सहा आठवडे गालाला ट्रिमर लावायचा नाही,” मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला. कारण त्या सहापैकी पहिले तीन आठवडे दाढी आत्तापेक्षा वाईट दिसणार होती, आणि ते मी त्याला आधीच सांगून टाकलं. सगळे जण इथेच हार मानतात. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून मशीन फिरवतात आणि पुन्हा शून्यावर येतात.

वाढवण्याच्या काळात काय करायचं, काय नाही

पहिले तीन आठवडे कोरायचंच नाही, गालाची कडसुद्धा नाही. गालावर वरच्या बाजूला जे चार-दोन सुटे केस असतात ते अस्ताव्यस्त दिसतात म्हणून लोक वस्तऱ्याने उडवतात. पण तेच केस पुढे मोकळ्या जागेवर पडणार असतात. ते काढले की कौलांची वरची ओळच काढली. या मुलाने दोन वर्षं तेच केलं होतं. कड साफ करता करता ती इतकी खाली आणली होती की मोकळ्या जागेच्या वर झाकायला जेमतेम दोन ओळी उरल्या होत्या.

तीन आठवड्यांनंतर फक्त मान साफ करायची. कंठमण्याच्या वर दीड-दोन बोटांवर एक बिंदू धरा. तिथून दोन्ही कानांच्या मागच्या बाजूला जाईल अशी गोलसर ओळ मनात आखा आणि तिच्या खालचं काढा. ही ओळ जबड्याच्या हाडावर आणण्याची चूक फार जण करतात. जबड्याखालचे केस दाढीला मागून आधार देतात. समोरून बघणाऱ्याला जबड्याच्या कडेला जी जाड काळी रेघ दिसते, तिच्यातला मोठा भाग या खालच्या केसांचा असतो. ते काढले की जबड्यावरची विरळ दाढी एकटी पडते आणि आहे त्याहून पातळ वाटते.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला खाज सुटते. कापलेल्या केसाचं टोक धारदार असतं आणि ते कातडीला टोचतं. केस थोडा वाढला की ते आपोआप कमी होतं. तोवर खाजवू नका, कारण नखाने केस तुटतात, कातडी सोलवटते आणि मुळाशी फोड येतात. एक-दोन दिवसांआड सौम्य फेसवॉशने किंवा दाढीच्या शाम्पूने बोटांची टोकं मुळापर्यंत नेऊन धुवा. नंतर टॉवेल घासू नका, दाबून टिपा. खाजेबरोबर पिवळसर, तेलकट खपल्या येत असतील तर तो दाढीतला कोंडा. केटोकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा लावून, तीन-चार मिनिटं ठेवून धुतला तर तो सहसा आटोक्यात येतो. नाही आला तर डॉक्टरांना दाखवा.

अभ्यास करताना किंवा विचारात असताना दाढीचा एकच भाग बोटांनी पिळायची, ओढायची सवय पुष्कळांना असते. मी एक माणूस बघितलाय, ज्याच्या फक्त उजव्या गालावर ठिगळ होतं. गप्पा मारता मारता त्याचा उजवा हात सारखा तिथेच जात होता. रोज ओढलेला केस तुटतो, उपटला जातो, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर मूळही थकतं. मोकळी जागा एकाच बाजूला आणि वेड्यावाकड्या काठाची असेल, आणि आत आखूड तुटके खुंट असतील, तर आधी आपला हात कुठे जातो ते बघा.

वस्तरा फिरवल्याने दाढी दाट येते हा समज अजूनही घट्ट आहे, म्हणून मध्येच सांगून टाकतो. केस वाढतो तो कातडीखालच्या मुळातून, आणि वर काय कापलं याचा त्या मुळाला पत्ताही नसतो. मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञ बाईंनी हे १९२८ सालीच तपासून दाखवलं होतं. तासल्यावर केस जाड वाटतो, कारण नैसर्गिक केसाचं टोक निमुळतं असतं आणि कापलेल्या केसाचं सपाट. हाताला तो खरखरीत लागतो. बाकी काही बदललेलं नसतं.

सहाव्या आठवड्यातली कोरणी

तो मुलगा बरोबर सहा आठवड्यांनी आला. हनुवटी सुळक्यासारखी पुढे आली होती, मिशी ओठावर आली होती आणि गाल तुलनेने चपटे दिसत होते. इथे बहुतेक लोक काय करतात? सगळीकडे एकच गार्ड फिरवतात. मी त्याच्या उलट करतो. दाट भाग आखूड करायचा आणि विरळ भाग लांब ठेवायचा. हनुवटीची गर्दी कमी झाली की गाल आपोआप भरलेले वाटतात. गालावर एक केस न वाढवता फरक निम्मा होतो.

दाढी धुऊन पूर्ण वाळवलेली हवी. ओला केस लांब आणि चपटा पडतो. तसा कापला तर वाळल्यावर वर उचलला जातो आणि हवा त्याहून आखूड निघतो. मग कंगव्याने सगळे केस आधी उलटे, वरच्या दिशेने उभे करायचे आणि नंतर ज्या दिशेला बसवायचे त्या दिशेला विंचरायचे.

हनुवटीला मी १२ चं गार्ड लावलं आणि केसांच्या उलट दिशेने, खालून वर नेलं. मग तेच १२ चं गार्ड जबड्याच्या खालच्या कडेवर, पण केसांच्या दिशेने. एकाच गार्डचे दोन परिणाम मिळतात हे लक्षात ठेवा. उलट दिशेने नेलं की गार्ड केस उचलून मुळाजवळ पकडतं आणि नेमका आखूड करतं. दिशेने नेलं की आडवा पडलेला केस निसटतो, फक्त बाहेर आलेली टोकं कापली जातात आणि लांबी राखली जाते. विरळ जागेच्या आसपास मशीन कधीही उलटं न्यायचं नाही.

गालावर गार्ड लावलंच नाही. केस विंचरून खाली बसवले आणि जे पट सोडून बाहेर डोकावत होते तेवढेच कात्रीच्या टोकाने एकेक टिपले. कल्ल्यांना वर ६, मग ९ असं उतरत आणलं. डोक्याच्या केसांतून दाढीत येताना काळेपणा हळूहळू वाढायला हवा. कल्ले दाट आणि लांब राहिले तर त्यांच्या शेजारी गाल पुन्हा उघडे वाटतात.

गालाची कड सगळ्यात शेवटी. कल्ल्याच्या खालच्या टोकापासून मिशीच्या कोपऱ्यापर्यंत हलकी खोलगट ओळ, नैसर्गिक कडेच्या जितकी जवळ राहील तितकी वर. तिच्या वरचे अगदी तुरळक केस तेवढे काढले. ही कड वस्तऱ्याने सुरीसारखी करायची नाही. कड जितकी कडक, तितकी डोळ्याला दाट भिंतीची अपेक्षा होते आणि आतली पोकळी उठून दिसते. कड थोडी मऊ ठेवली, म्हणजे बिनगार्डच्या ट्रिमरने नुसती हलकी आखली, की विरळपणा तिच्यात विरघळतो.

ओठाच्या कोपऱ्यातल्या फटीत केस नव्हते आणि येणारही नव्हते. तिथे मिशीची टोकं कामाला आली. ओठावर येणारे मधले केस कात्रीने ओठाच्या कडेला कापले, पण दोन्ही टोकांचे केस सोडले आणि कंगव्याने बाजूला व खाली वळवून फटीवर बसवले. टोकं अजून थोडी तोकडी होती. आणखी तीन आठवडे त्यांना हात लावू नकोस, असं सांगितलं.

रोजची पाच मिनिटं

झाकलेली जागा झाकलेली राहते ती वाळवण्यामुळे. केस भिजला की त्याच्या आतले काही कच्चे बंध सुटतात, आणि वाळताना तो ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत ते पुन्हा जुळतात. म्हणून अंघोळीनंतर दाढी तशीच सोडून दिली तर ती उशीवर पडल्यासारखी वेडीवाकडी वाळते आणि दिवसभर तशीच राहते. टिपल्यावर ओलसर असतानाच कंगव्याने मोकळ्या जागेवर केस आणा आणि तळहाताने दाबून धरा. ड्रायर असेल तर मंद गरम हवा वरून खाली, वीतभर अंतरावरून, दोन मिनिटं. शेवटी अर्धा मिनिट थंड हवा. कडक गरम हवेने केस कोरडा होऊन तुटतो. विरळ दाढीला एकेक केस मोलाचा असतो.

तेल दोन-तीन थेंब, तळहातावर पसरवून. जास्त झालं तर केस एकमेकांना चिकटून जुडग्या होतात आणि दोन जुडग्यांमध्ये कातडीच्या रेघा दिसतात. दाढी चमकते खरी, पण जास्त विरळ दिसते. हे लोकांना पटत नाही, म्हणून मी कधीकधी एका गालाला जास्त तेल आणि दुसऱ्याला कमी लावून दाखवतो. केस बसत नसतील तर तेलाऐवजी मेण असलेला, न चमकणारा बाम मटाराएवढा घ्या.

लव भरपूर असेल तर दाढीचा रंग चांगली मदत करतो. फिकट केस काळे-तपकिरी झाले की तेच केस दिसायला लागतात. आपल्या केसांपेक्षा एक छटा फिकट रंग निवडा, कारण गडद रंग कातडीवर डाग पाडतो आणि खोटा वाटतो. बऱ्याच रंगांमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी चेहऱ्यावर फार वाईट उठते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून ४८ तास थांबल्याशिवाय तो दाढीला लावू नका.

जागा मोठी असेल तर

दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी मोकळी जागा, किंवा दोन्ही गालांवर चारच केस, अशी दाढी असेल तर पहिली वाट धरा. दीड ते अडीच मिलिमीटरचे खुंट, दर दोन-तीन दिवसांनी ट्रिम केलेले. त्यातही हनुवटी आणि मिशीला दीड, गालाला अडीच असा फरक ठेवा. युक्ती तीच. नाही तर गाल स्वच्छ ठेवून फक्त मिशी आणि हनुवटी राखा. गाल खरोखर रिकामे असतील तर नीट राखलेला फ्रेंच कट हा ताणूनताणून झाकलेल्या दाढीपेक्षा कितीतरी चांगला दिसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषधाचं मला रोज विचारतात. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध, नंतर ते डोक्याच्या टकलावर लावायला आलं. २०१६ साली थायलंडमधल्या डॉक्टरांनी ४८ पुरुषांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. ३ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल १६ आठवडे लावणाऱ्यांची दाढी नुसतं बिनऔषधाचं द्रावण लावणाऱ्यांपेक्षा जास्त भरली होती. म्हणजे दाढीवर ते काम करू शकतं, पण चाचणी लहान आहे, आणि ते महिनोन्महिने नियमित लावावं लागतं. सुरुवातीला केस गळू शकतात, कातडी कोरडी पडून खाजते, काहींना धडधड होते किंवा गरगरतं. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. घरात मांजर असेल तर आणखी जपा. हे औषध मांजराला जिवावर बेतणारं विष आहे, लावलेला गाल त्याने चाटला तरी धोका असतो.

बायोटिनच्या गोळ्यांवर पैसे घालवणारेही भेटतात. शरीरात बायोटिनची कमतरता नसेल तर त्या दाढी वाढवतात याला चांगला पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

त्या मुलाने औषध घेतलं नाही. नवव्या आठवड्यात आला तेव्हा मिशीची टोकं फटीवरून खाली उतरून दाढीला टेकली होती. उजवा गाल पूर्ण झाकला होता. डाव्या गालावर मान वळवून, उजेड बाजूने घेऊन बघितलं तर अजून नखाएवढी जागा दिसत होती. समोरून दिसत नव्हती. आता तो तीन आठवड्यांतून एकदा येतो. हनुवटीला १२ चं गार्ड, गालाला फक्त कात्री. घरचा ट्रिमर त्याने मानेपुरता ठेवलाय.